विषारी कारखान्यातले कामगार इतके ठणठणीत कसे?

जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुइव्हिल शहरातून एक बातमी आली. तिथल्या एकाच प्लॅस्टिक कारखान्यातले काही कामगार यकृताच्या अँजिओसार्कोमा नावाच्या कॅन्सरने दगावले होते. हा कॅन्सर इतका दुर्मीळ आहे की बहुतेक डॉक्टरांना उभ्या कारकिर्दीत त्याचा एकही रुग्ण दिसत नाही. एकाच फाटकातून आत जाणाऱ्या माणसांत तो पुन्हा पुन्हा सापडला, म्हणजे आत काहीतरी होतं. ते होतं व्हिनाइल क्लोराइड, म्हणजे पीव्हीसी ज्याच्यापासून बनतं तो वायू. मोठ्या रिअॅक्टरच्या पोटात उतरून भिंतींवर चिकटलेला थर खरवडणाऱ्या कामगारांच्या अंगावर तो सर्वांत जास्त येत असे.

ब्रिटनमध्येही पीव्हीसीचे कारखाने होते. तिथे फॉक्स आणि कॉलियर या दोन संशोधकांनी या उद्योगातल्या हजारो कामगारांच्या जुन्या नोंदी काढल्या आणि कोण कधी लागला, कोण कधी वारला याचा हिशेब मांडला. एखाद्या गटाची नावं आधी लिहून घ्यायची आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांचं काय होतं ते पाहायचं, या पद्धतीला कोहॉर्ट अभ्यास म्हणतात. नावं जुन्या रजिस्टरातून घेतली तरी तत्त्व तेच. आणि इथे एक विचित्र आकडा समोर आला. या उद्योगात शिरून पाच वर्षं झाली नव्हती अशा पुरुषांमध्ये, त्याच वयाच्या सर्वसाधारण ब्रिटिश पुरुषांच्या हिशेबाने १०० मृत्यू अपेक्षित असतील तिथे फक्त ३७ झाले होते. फक्त हृदय-रक्ताभिसरणाच्या आणि श्वसनाच्या आजारांचे मृत्यू पाहिले, तर ते अपेक्षेच्या २१ टक्क्यांपर्यंत खाली आले होते.

कॅन्सर करणारा वायू हुंगून माणसं जास्त जगतात, असा याचा अर्थ कोणी काढणार नाही. पण हेच आकडे अशा एखाद्या रसायनाचे असते, ज्याच्याबद्दल आपल्याला अजून काही माहीत नाही, तर? ‘कामगारांचं मृत्यूचं प्रमाण सरासरीपेक्षा कमी, सबब धोका नाही’ असा अहवाल आरामात लिहिला गेला असता. तसे अहवाल लिहिले गेलेही आहेत.

आधी हा ‘अपेक्षित’ आकडा येतो कुठून ते पाहू. देशातल्या मृत्यूनोंदीवरून प्रत्येक वयोगटात दर हजारी वर्षाला किती माणसं मरतात ते कळतं. कारखान्यातल्या माणसांची वयं आणि त्यांना पाहिलेली वर्षं त्या दरांनी गुणली, की ‘ही माणसं सर्वसाधारण जनतेसारखीच असती तर इतके मृत्यू झाले असते’ असा आकडा मिळतो. प्रत्यक्ष मृत्यूंना त्याने भागून १००ने गुणायचं. यालाच एसएमआर म्हणतात. १०० म्हणजे बरोबरी, त्याहून कमी म्हणजे जनतेपेक्षा बरं.

गोम ‘सर्वसाधारण जनता’ या शब्दांत आहे. त्या जनतेत अंथरुणाला खिळलेले आहेत, दम्याने बेजार झालेले आहेत, ज्यांचं हृदय जेमतेम चालतंय तेही आहेत. यांच्यातला कोणी रिअॅक्टर खरवडायच्या कामासाठी अर्ज करत नाही. केलाच तर वैद्यकीय तपासणीत गळतो. म्हणजे कारखान्याची तुलना ज्या गटाशी होते, त्या गटात कारखान्याला नको असलेली माणसंही मोजलेली असतात. याला हेल्दी वर्कर इफेक्ट म्हणतात. मराठीत निरोगी कामगार परिणाम म्हणू. हे नाव १९७०च्या दशकात रूढ झालं, रबर कामगारांवर काम करणाऱ्या अँथनी मॅकमायकेल यांच्या लेखांमुळे. पण मूळ निरीक्षण विल्यम ओगल यांनी इंग्लंडमध्ये १८८५ सालीच लिहून ठेवलं होतं. काही धंद्यांना धडधाकट माणूसच लागतो, आणि त्यात ज्याची तब्येत ढासळते तो हलक्या कामाकडे वळतो, म्हणून निरनिराळ्या धंद्यांतले मृत्युदर सरळ शेजारी ठेवून तुलना करू नये, असं त्यांचं म्हणणं. ओगल यांच्या या इशाऱ्यात खरं तर दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, एक आत शिरतानाची आणि दुसरी बाहेर पडतानाची. बरेच जण पहिलीपाशीच थांबतात.

पहिलीचा स्वभाव समजायला मी एक काल्पनिक कारखाना घेतो. समजा, एकूण १०० मृत्यू अपेक्षित होते आणि ७५ झाले. एसएमआर ७५, मालक खूश. आता हेच मृत्यू नोकरीला लागून किती वर्षं झाली होती यानुसार वाटू. पहिल्या पाच वर्षांत अपेक्षित २०, झाले ८, म्हणजे एसएमआर ४०. पाच ते पंधरा वर्षांच्या टप्प्यात अपेक्षित ३५, झाले २४, म्हणजे ६९च्या आसपास. पंधरा वर्षांनंतर अपेक्षित ४५, झाले ४३, म्हणजे ९६. एकत्र पाहताना दिसलेला ७५ हा आकडा कोणत्याच टप्प्याचा नाही. भरतीच्या वेळी तपासून घेतलेली तब्येत हळूहळू शिळी होते, हे त्या तीन आकड्यांत दिसतं. फॉक्स आणि कॉलियर यांनाही हेच दिसलं. उद्योगात शिरल्यापासून जितका काळ जाईल तितका एसएमआर वर सरकत गेला आणि पंधरा वर्षांनी भरतीचा फायदा जवळजवळ संपला.

म्हणून अशा अभ्यासात पहिला प्रश्न विचारायचा तो हा की माणसांना किती काळ पाहिलं. नवा कारखाना, तरुण कामगार आणि सात-आठ वर्षांचा पाठपुरावा असेल, तर कमी एसएमआरला काडीचीही किंमत नाही. दुसरा प्रश्न असतो आजार कोणता. हृदयविकार किंवा दमा भरतीच्या वेळी बऱ्याचदा चाहूल देतो, धाप लागते, रक्तदाब वाढलेला असतो. वीस वर्षांनी होणारा कॅन्सर त्या दिवशी कोणत्याही डॉक्टरला दिसत नाही. त्यामुळे भरतीची चाळणी हृदय आणि फुफ्फुसाच्या आजारांना जास्त अडवते, कॅन्सरला कमी. एकूण मृत्यूंचा एसएमआर ७५ आणि एका विशिष्ट कॅन्सरचा १५० असं चित्र एकाच कारखान्यात दिसू शकतं. तेव्हा एकूण मृत्यूंचा आकडा दाखवून कॅन्सरची शंका झटकणाऱ्याला थांबवावं.

आता बाहेर पडतानाची बाजू. मला हीच जास्त घातक वाटते, कारण ती भरतीसारखी काळाबरोबर विरत नाही. भरती एकदाच होते, नोकरी सोडणं मात्र रोज चालू असतं. फॉक्स आणि कॉलियर यांनी उद्योगात शिरून पंधरा वर्षं झालेली आणि तोवर जिवंत असलेली माणसं घेतली आणि त्यांचे दोन भाग केले: अजून उद्योगात असलेले आणि सोडून गेलेले. सोडून गेलेल्यांचा एसएमआर टिकून राहिलेल्यांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाला. पंधरा वर्षं थांबल्यामुळे भरतीचा परिणाम या तुलनेतून बाहेर काढलेला होता, तेव्हा हा फरक कामावर टिकण्याचा आणि न टिकण्याचा होता. याला टिकून राहिलेल्या कामगाराचा परिणाम म्हणता येईल.

मुंबईच्या कापड गिरण्यांचा विचार केला की हे लगेच कळतं. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा फुफ्फुसाचा आजार सुरुवातीला सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, म्हणजे बहुधा सोमवारी, छाती आवळण्याने सुरू होतो. ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यात धूळ सर्वांत जास्त. समजा, एखादा डॉक्टर गिरणीच्या फाटकाशी उभा राहून त्या खात्यात आज कामाला आलेल्यांची फुफ्फुसं तपासतोय. ज्याची छाती दोन वर्षांत भरून यायला लागली तो खातं बदलून गेला किंवा गावी परतला. डॉक्टरसमोर उरला तो वीस वर्षं धूळ खाऊनही उभा असलेला गडी. मग वहीत उमटतं की जास्त वर्षं धुळीत काढलेल्यांची फुफ्फुसं कमी वर्षं काढलेल्यांइतकीच, कधी त्यांच्याहून चांगली आहेत. जितका जास्त संपर्क तितका जास्त आजार हा नियम उलटा पडल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात आजारानेच माणसांना जास्त संपर्काच्या रकान्यातून बाहेर काढलेलं असतं. फक्त हजर कामगार तपासणारा कोणताही अभ्यास या जाळ्यात सापडतो. म्हणून कोहॉर्टमध्ये सोडून गेलेल्यांची नावं पुसायची नसतात.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे बाहेरच्या जनतेशी तुलनाच करायची नाही. त्याच कारखान्यात कमी संपर्काचे आणि जास्त संपर्काचे कामगार एकमेकांशी ताडून पाहायचे. दोघेही त्याच तपासणीतून आत आलेले असतात, म्हणून भरतीचा परिणाम बराचसा कटतो. ‘बराचसा’ म्हणतोय, कारण ऑफिसातल्या कारकुनाची आणि भट्टीवरच्या मजुराची भरती कुठेही एकाच निकषावर होत नाही. शिवाय टिकण्याचा परिणाम इथेही तसाच राहतो. दुसरा प्रचलित उपाय म्हणजे मृत्यूआधीच्या शेवटच्या पाच किंवा दहा वर्षांतला संपर्क हिशेबात न धरणं. आजारी पडल्यामुळे शेवटच्या काळात संपर्क घटलेला असेल, तर त्या घटीने फसायचं नाही, हा त्यामागचा विचार.

मग कोणी म्हणेल, ‘नोकरीत आहे की सोडली’ हा घटक गणितात घालून त्याचा परिणाम वजा करा, म्हणजे समायोजन करा की. इथे खरी अडचण आहे. नोकरी सोडणं हे पुढच्या मृत्यूचं लक्षण आहे, कारण आजारी माणूस सोडतो. त्याने पुढचा संपर्कही थांबतो. आणि सोडायला लावणारा तो आजार आधीच्या संपर्काचंच फळ असू शकतो. समायोजन केलं नाही तर आजारी माणसं कमी संपर्काच्या बाजूला जमा होतात. नेहमीच्या पद्धतीने केलं तर रसायनाने आजारामार्गे केलेलं नुकसानच गणितातून वजा होतं. दोन्हीकडून उत्तर चुकतं. जेम्स रॉबिन्स यांनी १९८६ साली यासाठी नव्या गणिती पद्धती मांडल्या. आज कार्यकारणभावाच्या संख्याशास्त्रात जी-मेथड्स म्हणून ज्या शिकवतात, त्यांचा उगम याच टिकून राहणाऱ्या कामगाराच्या प्रश्नात आहे. त्या पद्धतींना मात्र प्रत्येक कामगार केव्हा कुठल्या खात्यात होता आणि कधी सुटला याच्या तारखा लागतात. त्या नसतील तर गणित कितीही भारी असो, उपयोग शून्य.

सोडून गेलेल्यांची नावं पुसली नाहीत, तरी पुढे ते सापडायला हवेत. इथून दुसरा मोठा दोष सुरू होतो: पाठपुराव्यातून सुटलेली माणसं.

यातला सर्वांत साधा घोटाळा नोंदवहीतच होतो. कामगार सोडून गेला, त्याचं पुढे काय झालं कळलं नाही, आणि मृत्यूची खबर आली नाही म्हणून त्याला जिवंत धरलं. तो वारला असेल तरी वहीत वर्षानुवर्षं जगतोय. दर वर्षी त्याचं एक वर्ष आणि त्यासोबतचा थोडा अपेक्षित मृत्यू हिशेबात वाढत जातो, प्रत्यक्ष मृत्यू कधीच येत नाही. ज्या देशात मृत्यूनोंदीचं मध्यवर्ती रजिस्टर आहे, तिथे नावं त्याच्याशी जुळवून ही चूक बरीच टाळता येते. ते नसेल तर सुटलेल्या माणसाचा हिशेब तो शेवटचा दिसला त्या तारखेला बंद करावा लागतो. पण तेवढ्याने भागत नाही.

पुन्हा आकडे घेऊ. समजा, संपर्क आलेले १,००० आणि न आलेले १,००० आहेत. दहा वर्षांत पहिल्या गटात खरे मृत्यू १००, दुसऱ्यात ५०. धोका दुप्पट. दोन्ही गटांतले २०० जण हरवले. हरवणं निव्वळ योगायोगाचं असेल, तर पहिल्या गटातल्या उरलेल्या ८०० मध्ये ८० मृत्यू दिसतील आणि दुसऱ्यातल्या ८०० मध्ये ४०. धोका अजून दुप्पटच दिसतो. अंदाज थोडा ढिला होईल, पण वाकडा होणार नाही.

आता समजा, पहिल्या गटात जे हरवले ते मुख्यतः आजारी पडून गावी गेलेले होते आणि त्या २०० जणांमध्ये ५० मृत्यू झाले, आपल्याला न कळता. आपल्याला दिसले ८०० मध्ये ५०, म्हणजे सव्वासहा टक्के. दुसऱ्या गटात हरवलेले २०० घर बदलून गेलेले साधे लोक होते, त्यांच्यात १० मृत्यू. दिसले ८०० मध्ये ४०, म्हणजे पाच टक्के. दुप्पट धोका सव्वापटीवर आला. आणि दोन्ही गटांत हरवलेल्यांचं प्रमाण तंतोतंत २० टक्केच होतं! शोधनिबंधांत ‘दोन्ही गटांतील गळती समान होती’ हे वाक्य दिलासा म्हणून लिहिलेलं असतं. वरच्या उदाहरणात त्या दिलाशाला काही अर्थ नाही. किती हरवले यापेक्षा का हरवले, आणि ते कारण दोन गटांत वेगळं होतं का, हे महत्त्वाचं. गळती वीस टक्क्यांच्या आत असली की अभ्यास चांगला, असा एक ठोकताळाही फिरत असतो. मृत्यूच मुळात पाच-दहा टक्के असतील, तर वीस टक्के गळती म्हणजे मृत्यूंच्या दुप्पट-चौपट माणसं अंधारात आहेत. अशा वेळी त्या ठोकताळ्याचा आधार घेणं मला धाडसाचं वाटतं.

हरवलेल्यांचं खरंच काय होतं, हे कळायचा सरळ मार्ग म्हणजे त्यांना शोधून काढणं. सगळ्यांना शोधणं परवडत नाही, पण थोड्यांना शोधता येतं. आफ्रिकेत एचआयव्हीवरचे उपचार मोठ्या प्रमाणावर सुरू झाले, तेव्हा युगांडातल्या म्बरारा इथल्या दवाखान्यात एल्विन गेंग आणि सहकाऱ्यांनी हेच केलं. औषधं सुरू झालेल्या ३,६२८ रुग्णांपैकी ८२९ जण यायचे बंद झाले होते. त्यांतून १२८ जणांचा नमुना घेऊन माणूस गावोगाव पाठवला. १११ जणांचा पत्ता लागला. त्यांपैकी ३२ जण वारले होते.

हे प्रमाण २९ टक्क्यांच्या घरात जातं. ढोबळमानाने ते सगळ्या ८२९ जणांना लावलं, तर २४०च्या आसपास मृत्यू असे निघतात, जे दवाखान्याच्या वहीत फक्त ‘येत नाही’ म्हणून नोंदले गेले असते. वहीतला मृत्युदर खऱ्याच्या काही पटींनी कमी दिसत होता. पण याच शोधात उलटी गोष्टही कळली. जे जिवंत होते आणि ज्यांच्याशी समोरासमोर बोलता आलं, त्यांतले बहुतेक जण दुसऱ्या एखाद्या दवाखान्यात औषधं घेत होते. म्हणजे ‘हरवलेले’ या एका शिक्क्याखाली मेलेले आणि जवळचा दवाखाना सापडलेले असे दोन अगदी वेगळे लोक होते. सगळे हरवलेले मेले असं धरणं जितकं चूक, तितकंच सगळे ठीक आहेत असं धरणं. आणि नमुन्यातले १७ जण तरीही सापडले नाहीत. ते १११ सारखेच होते की आणखी वाईट अवस्थेत, हा प्रश्न या पद्धतीतही उरतोच, फक्त ८२९ वरून खूपच लहान होतो.

आपल्याकडचं मुंबईचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. १९९०च्या दशकात प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी तंबाखू आणि मृत्यू यांच्या संबंधासाठी मुंबईत मोठा कोहॉर्ट उभा केला. मतदारयाद्या हातात घेऊन ३५ वर्षं आणि त्यावरच्या माणसांना घरी जाऊन भेटले. सुरुवातीच्या टप्प्यातल्या ५२,५६८ जणांचा पाच-सहा वर्षांनी पुन्हा घरोघरी जाऊन शोध घेतला आणि ९७ टक्के लोकांचा ठावठिकाणा लागला. मुंबईत, जिथे आजारी माणूस कोकणात किंवा घाटावर गावी जातो आणि खोली दुसऱ्याच्या नावावर होते, तिथे ९७ टक्के हा आकडा पाय झिजवल्याशिवाय येत नाही. शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

याच अभ्यासात निवडीची आणखी एक बाजू आहे. वरच्या मध्यमवर्गाच्या आणि श्रीमंतांच्या सोसायट्या त्यांनी वगळल्या होत्या, कारण फाटकावरची सुरक्षाव्यवस्था ओलांडून घराघरात जाणं अवघड. हा निवडीतला दोषच नाही का, असं लगेच वाटतं. तर नाही, निदान मुख्य प्रश्नासाठी नाही. मुंबईत एकूण किती टक्के लोक मशेरी लावतात, हे या गटावरून सांगायला गेलात तर उत्तर चुकेल, कारण अख्खी मुंबई त्यात नाही. पण प्रश्न होता तंबाखू खाणारा न खाणाऱ्यापेक्षा किती लवकर मरतो. ती तुलना त्याच चाळींतल्या, त्याच वस्त्यांतल्या लोकांमध्ये होती, आणि इमारत वगळताना आत कोण तंबाखू खातो व कोण पुढे मरणार आहे, हे कोणी पाहिलं नव्हतं. गट शहराचा हुबेहूब नमुना नसणं वेगळं आणि गटातली तुलना वाकडी असणं वेगळं. त्या सोसायट्यांपेक्षा न सापडलेल्या तीन टक्क्यांची मला जास्त चिंता वाटते, कारण सोसायट्या सुरुवातीलाच बाहेर राहिल्या, तर हे तीन टक्के आत येऊन मग गेले. त्यांच्याबद्दल एक तपासणी मात्र घरबसल्या करता येते. पहिल्या भेटीत त्यांचं वय, तंबाखूची सवय, शिक्षण हे सगळं लिहून घेतलेलं असतं. सापडलेल्यांच्या आणि न सापडलेल्यांच्या या नोंदी शेजारी ठेवायच्या. न सापडलेल्यांत तंबाखू खाणारे किंवा म्हातारे जास्त निघाले, तर गळती योगायोगाची नव्हती हे तिथेच कळतं. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या तरी पहिल्या भेटीनंतर कोण आजारी पडलं ते त्या रकान्यांत नसतं. त्यासाठी पुन्हा कोणाला तरी दार ठोठवावं लागतं.